एकाच बहिणीच्या दोन सह्या: बँकेने घेतलेला कागद तलाठ्याने का परत केला

अण्णा गेल्यानंतर आमच्या घरात दोन कागद एकाच दिवशी तयार झाले. दोन्हींवर माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची सही होती. दोन्ही ५०० रुपयांच्या बाँडवर टाईप केलेले होते आणि दोन्हींवर तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एकाच नोटरी वकिलांचा गोल शिक्का होता. मजकूरही जवळजवळ सारखाच. एकात लिहिलं होतं, ‘वडिलांच्या खात्यातील रकमेवर माझा हक्क सांगत नाही, ती माझ्या आईला द्यावी.’ दुसऱ्यात लिहिलं होतं, ‘वडिलांच्या शेतजमिनीतील माझा हिस्सा मी माझ्या भावाच्या लाभात सोडला आहे.’ पहिला कागद बँकेने तपासून फाईलला लावला आणि काही दिवसांनी आईच्या खात्यात पैसे जमा झाले. दुसरा कागद तलाठ्यांनी वाचला, मागची बाजू पाहिली आणि दादाच्या हातात परत दिला. “याच्यावर फेर घेता येत नाही. रजिस्ट्री करून आणा,” एवढंच म्हणाले.

दादाला वाटलं की तलाठ्यांचा आपल्याकडून पैसे काढायचा डाव आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांनाही तसंच वाटलं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर असे कितीतरी नोटरी केलेले हक्कसोड झालेले होते. मी लातूरला शाळेत शिकवते. कागदपत्रांची कामं आमच्या घरात आधीपासून माझ्याकडेच येतात, म्हणून हेही माझ्याकडे आलं. ते काम करताना जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे. विशेषतः ज्या बहिणींसमोर तेराव्याच्या आत कोणीतरी बाँड आणून ठेवतं, त्यांनी आणि त्यांच्या भावांनीही हे नीट वाचावं.

तलाठ्यांचं म्हणणं बरोबर होतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतं की, १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क ज्या दस्ताने निर्माण होतो, दुसऱ्याकडे जातो किंवा संपतो, तो दस्त नोंदवलाच पाहिजे. ताईने हिस्सा सोडला म्हणजे जमिनीतला तिचा हक्क संपला आणि दादाचा वाढला. म्हणजे हा कागद कलम १७ मध्ये सरळ बसतो. बँकेतले पैसे मात्र जंगम. त्यांच्यावरचा हक्क सोडायला नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे तिथे बँकेला फक्त एवढीच खात्री हवी होती की हे म्हणणं खरोखर ताईचंच आहे आणि उद्या ती ‘मी असं लिहून दिलंच नव्हतं’ म्हणणार नाही. ती खात्री नोटरी देऊ शकतो.

इथे नोटरी नेमकं काय करतो ते समजून घ्यावं लागतं. १९५२ च्या नोटरी कायद्याप्रमाणे तो शपथ देतो, शपथपत्र घेतो, सही करणारा माणूस समोर आला होता आणि त्याने सही केली याची साक्ष ठेवतो. मजकूर खरा आहे की खोटा, हे तो ठरवत नाही. हिस्सा खरंच ताईचा होता का, तो असा सोडता येतो का, हेही तो पाहत नाही. त्याच्या रजिस्टरमध्ये तारीख, अनुक्रमांक, कागदाचा प्रकार आणि सही करणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. अख्खा मजकूर तिथे उतरवलेला नसतो. त्यामुळे मूळ कागद हरवला, तर नोटरीकडे फार तर एवढंच सापडेल की अमक्या दिवशी अमक्या बाईने एक हक्कसोड लिहून दिलं होतं. त्यात कोणता गट, किती क्षेत्र, कोणाच्या लाभात, हे कुठेच मिळणार नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवलेल्या दस्ताचं पान न् पान स्कॅन होऊन राहतं, त्याला दस्त क्रमांक मिळतो, आणि तो गट विकत घेऊ पाहणारा कोणीही माणूस शोध घेऊन तो दस्त काढू शकतो. जमिनीच्या बाबतीत सरकारला जगाला कळेल असा व्यवहार हवा असतो. दोघांच्या तिजोरीत राहणारा कागद तिथे पुरत नाही.

नोटरी साहेबांनी स्वतःही दादाला सांगितलं होतं म्हणे, “बँकेचं होईल, शेतीचं सांगता येत नाही.” पण सोबत आलेल्या मंडळींनी, करून तर ठेवा, म्हणून आग्रह धरला.

आता कोणत्या ठिकाणी कोणता कागद लागला, हे आमच्या कामाच्या क्रमानेच सांगते.

सगळ्यात आधी वारस नोंद. अण्णांच्या नावावर बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन गट होते. वारस चौघं: आई, ताई, दादा आणि मी. वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं. इथे रजिस्ट्रीचा प्रश्नच येत नाही. वारसाला हक्क कोणी लिहून देत नाही, तो मृत्यूबरोबर कायद्यानेच मिळतो. तलाठ्याला, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फक्त एवढंच कळायला हवं असतं की माणूस गेला आणि त्याच्या मागे कोण कोण आहे. म्हणून मृत्यूचा दाखला, सात-बारा आणि आठ-अ, सगळ्यांची आधार कार्डं, आणि वारस कोण ते सांगणारं शपथपत्र एवढ्यावर काम झालं.

हे शपथपत्र आम्ही तहसीलमध्ये केलं. सेतूमध्ये मजकूर टाईप करून नायब तहसीलदारांपुढे शपथ घेतली. त्यासाठी बाँड लागला नाही. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या शपथपत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि ही माफी २००४ पासून आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात १०० चा बाँड जाऊन ५०० चा आला तेव्हा बऱ्याच जणांकडून तहसीलच्या कामासाठीही ५०० चा बाँड मागितला गेला. पुढे महसूल मंत्र्यांनी जाहीरही केलं की जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या आणि सरकारी कार्यालयातल्या शपथपत्रांना तो लागत नाही. आमच्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घेतलेला ५०० चा बाँड होता. मी तिला सांगितलं, पण तोवर तो लिहून झाला होता. गरिबाघरच्या पोरांचे ५०० रुपये असे जाताना पाहवत नाही. म्हणून हे स्पष्ट लिहिते: तहसीलच्या शपथपत्राला आधी साधा कागद घेऊन जा. नाकारलं तर माफीचा आदेश दाखवा, किंवा लेखी कारण मागा.

वारसांच्या शपथपत्राचा सगळा जीव त्यातल्या नावांत असतो. सही करणारा शपथेवर सांगतो की या चौघांशिवाय दुसरा वारस नाही. लग्न झालेल्या मुलीचं नाव वगळून असं शपथपत्र केलं तर त्यावर शिक्का तितकाच सुबक उमटतो, पण ते खोटं असतं आणि खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे. आमच्याकडे काही ठिकाणी बहिणींची नावं आधीच गाळून नोंद घ्यायचा प्रयत्न होतो, मग हक्कसोडाचीही गरज उरत नाही असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हिंदू कुटुंबात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर वडिलोपार्जित शेतीतही त्याबद्दल शंका राहिलेली नाही. नाव गाळल्याने हिस्सा जात नाही. दहा वर्षांनी जमीन विकायला निघाल्यावर तो पुन्हा पुढे येऊन उभा राहतो.

तलाठ्यांनी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नावं घेतली. मग फेरफार धरला, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेर मंजूर केला. सात-बारावर चौघांची नावं आली. ताईला हिस्सा सोडायचाच असला, तरी तिचं नाव आधी असं वर यावं लागतं. निबंधक कार्यालयात पहिल्यांदा सात-बाराच मागितला जातो. ज्याचं नावच नाही तो काय सोडतो आहे, हा प्रश्न तिथे विचारला जातोच.

या टप्प्यावर ताईशी मी एकटीने बोलले. तिचं घर छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलं कमावती आहेत. ती म्हणाली, “दादाने पंधरा वर्षं ती जमीन कसली, अण्णांचं दुखणं त्यानेच काढलं. मला नको.” तिने कोणाच्या दबावाने म्हटलं नव्हतं, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. मी माझा हिस्सा ठेवला. दादाला तसं तोंडावर सांगितलं, त्याने ते मान्य केलं. आमच्या घरात हे बोलणं होऊ शकलं, हे मी भाग्य समजते. अनेक घरांत ते होत नाही. बहीण न वाचताच सही करून जाते, आणि मनात खंत राहते.

मग हक्कसोडपत्राचा खरा दस्त. इथे साक्षांकित प्रतीचा प्रश्न आला, तो जरा वेगळा आहे.

वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाबहिणीच्या किंवा आईवडिलांच्या लाभात, काहीही मोबदला न घेता सोडला, तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. ते आता ५०० रुपये आहे. मोबदला घेतला, किंवा जमीन वडिलोपार्जित नसली, तर शुल्क खरेदीखताच्या हिशेबाने जमिनीच्या किमतीवर जातं. म्हणून आमच्या वकिलांना जमीन आजोबांकडून आलेली आहे हे दाखवणारा जुना कागद हवा होता. अण्णांच्या पेटीत तो होता. आजोबांच्या नावाच्या खासरा पत्रकाची आणि त्यानंतरच्या फेरफाराची झेरॉक्स, त्यावर कोणे एके काळी एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मारलेला ‘सत्यप्रत’ असा शिक्का आणि सही. दादाला वाटलं, सरकारी शिक्का आहे म्हणजे झालं.

वकिलांनी ती प्रत बाजूला ठेवली. मुख्याध्यापकांचा शिक्का एवढंच सांगतो की त्या दिवशी त्यांना दाखवलेल्या कागदाशी ही झेरॉक्स जुळत होती. त्यांना दाखवलेला कागद मूळ होता की दुसरी झेरॉक्स, हे आज कोणी सांगू शकत नाही. आणि मूळ रेकॉर्ड काही त्या शाळेत नव्हतं. ज्या कार्यालयाकडे मूळ नोंदवही आहे त्याच कार्यालयाने दिलेली प्रत म्हणजे नक्कल, आणि कोर्टात सार्वजनिक अभिलेखाचा पुरावा म्हणून तीच धरली जाते. नोटरीकडून ‘ट्रू कॉपी’चा शिक्का मारून घेतला तरी तो मुख्याध्यापकांच्या शिक्क्याच्याच पातळीचा असतो: मूळ कागद पाहिला, प्रत जुळली.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल काढली. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडे जुनं काढायला गेलं की फसली सन आणि उर्दूतल्या नोंदी समोर येतात. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक हे बहुतेक गावांत हाताशी येणारं सगळ्यात उपयोगी जुनं पान असतं. अर्जात गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर दोन्ही लिहावे लागतात. सर्व्हे नंबरचा गट कोणता झाला हे माहीत नसेल तर आधी गट जुळवणीचं पत्रक पाहावं लागतं. आमचं तिथेच अडकलं होतं. तिथल्या जुन्या कारकुनांनी बस्ता काढून नंबर जुळवून दिला, त्यांचे मनापासून आभार.

खरी नक्कल ओळखायला सोपी असते. त्यावर ‘खरी नक्कल’ असा शेरा असतो. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा असतात, फी किती घेतली ते असतं, आणि खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाची मोहोर असते. यातलं हुद्दा-मोहोर नसेल तर ती नक्कल पुढच्या कार्यालयात अडकते. आजच्या सात-बाराला तर रांगही लावावी लागत नाही. महाभूमीवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सात-बारा निघतो आणि तो सगळीकडे चालतो, त्यावर वेगळा शिक्का मारून घ्यायची गरज नाही.

साक्षांकित प्रतीला किंमतच नाही असं मात्र कोणी समजू नये. बँकेत, तहसीलला आम्ही आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला यांच्या झेरॉक्स स्वतःच सही करून दिल्या आणि मूळ कागद खिडकीवर दाखवले. २०१५ च्या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रात राज्य सरकारच्या कार्यालयांत अशा कामांना राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागायची नाही, स्वतःची सही पुरते. ज्या ठिकाणी कायद्यानेच शपथपत्र किंवा साक्षांकित प्रत सांगितली आहे ती कामं सोडून. तरी अजून काही ठिकाणी ‘गॅझेटेड ऑफिसरची सही आणा’ म्हणतात. शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवली की बोलणं लवकर संपतं.

आता रजिस्ट्री. ताईला सुट्टी मिळत नव्हती. दादा म्हणाला, “ती तिकडेच नोटरी करून मुखत्यारपत्र पाठवू दे, तिच्या वतीने मी सही करतो.” यात दोन अडचणी होत्या. ज्याच्या लाभात हक्क सुटतो तोच दुसऱ्या बाजूने सही करणार, हे कुठल्याही वकिलाला रुचत नाही, कारण पुढे कोणी हरकत घेतली तर संशय पहिल्यांदा तिथेच जातो. दुसरी अडचण थेट कायद्याची. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, भारतात राहणाऱ्या माणसाच्या वतीने दस्त नोंदणीला हजर करायचा असेल, तर मुखत्यारपत्र तो जिथे राहतो तिथल्या निबंधकांसमोर करून त्यांच्याकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र या कामाला पुरत नाही. परदेशात राहणाऱ्यांना नोटरी किंवा तिथल्या भारतीय वकिलातीकडून केलेलं चालतं, आणि त्या गोष्टीमुळेच लोकांचा गोंधळ होतो. कोणाचा तरी अमेरिकेतला मुलगा नोटरी करून पाठवतो, ते चालतं, मग आपलं का नाही, असं वाटतं. म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊन सही घेऊ शकतात, कलम ३१ मध्ये तशी सोय आहे आणि त्याची वेगळी फी असते.

ताई पंचमीला माहेरी आली तेव्हा काम झालं. दस्ताची माहिती आधी ऑनलाईन भरून ठेवली होती, शुल्काचं चलन काढलं होतं. सोबत चालू सात-बारा आणि आठ-अ, आजोबांच्या नावाची नक्कल, मंजूर झालेला वारसाचा फेर, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार घेतले. मजकुरात वकिलांकडून तीन गोष्टी मी मुद्दाम स्पष्ट लिहून घेतल्या. ताई दोन्ही गटांतला स्वतःचा, आणि फक्त स्वतःचा, अविभक्त हिस्सा सोडते आहे. तो दादाच्या लाभात सोडते आहे. आणि विनामोबदला सोडते आहे. यातली मधली गोष्ट अनेक दस्तांत राहून जाते. ‘सहहिस्सेदारांच्या लाभात’ असं मोघम लिहिलं की ताईचा हिस्सा आई, मी आणि दादा तिघांत वाटला जाईल की एकट्या दादाला, यावर फेर घेताना वाद होतो.

निबंधकांनी ताईला विचारलं, मजकूर वाचला का, पैसे घेतले का, स्वखुशीने करता का. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, सही. मला ते तीन प्रश्न फार मोलाचे वाटले. एका सरकारी अधिकाऱ्याने बहिणीला थेट, तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं. दस्त त्याच दिवशी हातात मिळाला. प्रत्येक पानावर दस्त क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक, सुरुवातीला दस्ताचा गोषवारा, आणि सोबत सूची क्रमांक २, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. नोंदवलेला दस्त आहे असं कोणी म्हणालं तर आधी इंडेक्स टू मागावं. कार्यालयाचं नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष यावरून तो नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. तिथे सापडत नसेल तर हातातला कागद कितीही जाड शिक्क्यांचा असो, आधी चौकशी करायची.

आणखी एक. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला हजर करावा लागतो. उशीर झाला तर पुढचे चार महिने दंड भरून मुभा मिळू शकते, त्यानंतर नाही. म्हणजे ‘सही करून ठेवू, रजिस्ट्री सवडीने करू’ हे जमिनीच्या कामात धोक्याचं आहे.

नोंदवलेल्या दस्ताची खबर निबंधक कार्यालयाकडून संगणकावरूनच तलाठ्यांकडे जाते. नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल तर आपण वेगळं कळवायचं बंधन नसतं, तरी आम्ही इंडेक्स टूची प्रत नेऊन दिली. पुन्हा फेर, पुन्हा नोटीस, पुन्हा १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ताईचं नाव कमी झालं.

या सगळ्यात एका कार्यालयाबद्दल सावध करायला हवं. गावठाणातल्या घरासाठी नमुना ८ वर नाव बदलायला ग्रामपंचायती अनेकदा नोटरीचं संमतीपत्र घेतात आणि नाव बदलूनही देतात. आमच्याकडेही घेतलं असतं. पण नमुना ८ ही घरपट्टीची आकारणी आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढंच त्यातून ठरतं, मालकी ठरत नाही. घरही स्थावरच आहे, त्यातला हिस्सा सोडायला कलम १७ तितकंच लागू आहे. म्हणून ताईच्या दस्तात आम्ही घराचा हिस्साही घातला. एखाद्या कार्यालयाने कागद घेतला म्हणजे हक्क गेला किंवा आला असं नाही. ते कार्यालय कागदाकडून काय विचारतं आहे ते पाहावं लागतं.

नोटरी केलेलं हक्कसोड मग पूर्ण वाया जातं का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. कलम ४९ म्हणतं की नोंदणी सक्तीची असून न नोंदवलेला दस्त त्या मालमत्तेवर परिणाम करत नाही आणि त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून धरता येत नाही. जमिनीच्या सौद्याच्या कागदाला एक वाट राहते. न नोंदवलेली सौदेपावती करार पुरा करून घेण्याच्या दाव्यात दाखवता येते, पण त्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते, आणि मुद्रांक कमी असेल तर तोही दंडासह भरावा लागतो. बिनमोबदला हक्कसोडाला तीही वाट नाही, कारण त्यात पुरा करून घ्यायचा सौदाच नसतो. भाऊ समजतो जमीन आपली झाली, बहीण समजते आपला हक्क गेला, आणि कायद्यात दोन्ही झालेलं नसतं.

आमच्याच घरात याचं उदाहरण निघालं. आजोबांच्या आणखी एका गटात माझ्या आत्याचं नाव आहे. वीसेक वर्षांपूर्वी तिने चुलत्यांना बाँडवर, नोटरीसमोर हक्कसोड लिहून दिलं. कागद चुलत्यांच्या कपाटात आहे, आत्याचं नाव अजून सात-बारावर आहे. पीककर्जाच्या वेळी बँकेने तिची सही मागितली तेव्हा चुलत्यांना ते कळलं. ताईचा दस्त झाल्यावर ते तो कागद घेऊन आमच्या वकिलांकडे आले. वकिलांनी सांगितलं की या कागदावर काहीच होणार नाही, आत्याला आज नव्याने दस्त करावा लागेल, आणि करायचा की नाही हे आज तिने ठरवायचं. ती आहे तोवर एका सहीचं काम आहे. तिच्या माघारी तिच्या चारही मुलांच्या सह्या लागतील.

चुलत्यांनी आत्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी तिला सगळं सांगितलं: तिचा हिस्सा किती, जमिनीची आजची किंमत काय, जुन्या कागदाने तिचं काहीच गेलेलं नाही, आणि नवा दस्त झाला की मग मागे फिरता येणार नाही. आत्या म्हणाली, “मला मुलांशी बोलू दे.” चुलत्यांनी ते ऐकलं आणि, “बोल बाई, सावकाश बोल,” म्हणाले.